पहिल्या ओळीतलं शून्य

गिरणीतल्या लोकांनी तिला 'तपासबाई' हे नाव ठेवलं, ते कौतुकानं की वैतागून, हे कुणालाच धड सांगता आलं नसतं. तिथल्या प्रयोगशाळेत तिचं काम होतं सूत ओढून तोडायचं. यंत्राच्या दोन चिमट्यांमध्ये धागा अडकवायचा, ताण वाढवत न्यायचा आणि धागा तुटला की तबकडीवरचा काटा कुठे थांबला ते लिहायचं. इतर जणी एकदा वाचून लिहीत. ही वाचायची, लिहायची, आणि पुन्हा मान वाकवून वाचायची. "काटा काय पळून जातोय का?" असं शेजारची म्हणाली की ही म्हणायची, "काटा नाही पळत, माझे डोळे पळतात."

ते गमतीत म्हटलेलं पुढे खरं ठरलं. आधी तबकडीच्या कडेचे आकडे पुसट झाले, मग मधले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदाच झिजतोय, याला औषध नाही. चाळिशी गाठायच्या आत उजेड आणि अंधार यांच्यापलीकडे तिला फारसं काही कळेनासं झालं. गिरणीतली नोकरी गेली. साहेब भला माणूस होता. निरोप देताना म्हणाला, "आकड्यांचं काम तुम्हाला चांगलं जमतं. संख्याशास्त्राची पदविका केलीत तर आपल्या गुणवत्ता विभागात बसून करायचं काम आहे. बोलणारा संगणकही आणू."

साहेबानं हे बहुधा बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. तपासबाईनं ते शब्दशः धरलं आणि पुढच्याच महिन्यात पत्रव्यवहारानं चालणाऱ्या पदविकेला नाव घातलं.

तिचा नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. संध्याकाळी हात धुऊन तो पुस्तक घेऊन बसे आणि तिला वाचून दाखवी. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण वाचायचा मात्र ठणठणीत आवाजात. बेरजेचं सिग्मा चिन्ह आलं की म्हणायचा, "आडवा पडलेला एम." पहिल्यांदा ती हसून हसून बेजार झाली. मग तिलाही सवय लागली. "आडव्या एमच्या पुढे काय आहे?" असं ती विचारी आणि तो सांगे.

कॅल्क्युलेटर मात्र ती स्वतः चालवायची. घरातला जुना कॅल्क्युलेटर तिला डोळस असतानापासून पाठ होता. खालच्या मजल्यावर ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईनं त्याच्या काही बटणांवर नेलपॉलिशचे जाड ठिपके टाकून दिले होते: पाचावर एक, शिफ्टवर एक, एम प्लसवर दोन. ठिपका चाचपला की बाकीची बटणं बोटांना आपोआप सापडत. रिग्रेशनचं गणित, म्हणजे आकड्यांच्या जोड्यांना जुळणारी सरळ रेषा काढणं, तिला त्यावर फार आवडे. एक्सची किंमत, स्वल्पविराम, वायची किंमत, एम प्लस. जोडीमागून जोडी. प्रत्येक जोडीनंतर पडद्यावर आतापर्यंतच्या जोड्यांचा आकडा येई आणि नवरा ओरडे, "सहा झाल्या!" मग शेवटी दोन-चार बटणं दाबली की आंतरछेद आणि उतार हजर. हातानं करायला पानभर लागणारं काम मिनिटाभरात उरके.

परीक्षेला लेखनिक घ्यायची तिला परवानगी होती. अट एकच: लेखनिकाला विषय येता कामा नये. पार्लरवाली म्हणाली, "ताई, मीच येते. शाळा सुटल्यापासून मी गणिताचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्याइतकी लायक लेखनिक तुम्हाला गावभर शोधून सापडणार नाही."

आधीचे दोन पेपर ठीक गेले. तिसरा पेपर रिग्रेशनचा.

त्या दिवशी त्यांना नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली वेगळी खोली मिळाली. एक लांब टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. पर्यवेक्षिका मात्र नवीन होत्या. त्यांनी तपासबाईच्या पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला आणि त्यावरून बोट फिरवलं.

"हे ठिपके कसले?"

"बटणं ओळखायला, बाई. मला दिसत नाही."

"ते कळलं. पण यंत्रावर कुठलीही खूण चालत नाही. नियमात लिहिलंय. उद्या कुणी म्हणालं, ठिपक्यांमध्ये सूत्रं आहेत, तर मी काय उत्तर देऊ?"

"नेलपॉलिशमध्ये सूत्रं?" पार्लरवाली म्हणाली. "अहो, मी लावलंय ते. माझ्याकडून सूत्र निघालं तर पेपरात फोटो येईल."

पर्यवेक्षिका हसल्या नाहीत. त्या काही दुष्ट नव्हत्या. मागच्या सत्रात एका उमेदवाराच्या कॅल्क्युलेटरच्या झाकणात चिठ्ठी निघाली होती आणि त्याचं स्पष्टीकरण त्यांनाच द्यावं लागलं होतं. केंद्रात जादा ठेवलेला एक कॅल्क्युलेटर त्यांनी आणून टेबलावर ठेवला. "हा वापरा. आधीच सगळं पुसून ठेवलंय."

तपासबाईनं तो हातात घेऊन चाचपला. बटणं सपाट. वरच्या बाजूला गोल चकती, चार दिशांना दाबायची. एम प्लस जिथे असायला हवं तिथे भलतंच काही. तिनं अंगठा खालून वर, वरून खाली फिरवला. हे दुसऱ्याच जातीचं यंत्र होतं.

"माझाच द्या हो," ती म्हणाली. "हवं तर ठिपके खरवडून काढते."

"आता वेळ सुरू झालाय. खरवडत बसाल का लिहाल?"

वाद घालायला वेळ होता, पण तो उत्तरांच्या वेळेतूनच जाणार होता. तपासबाईनं श्वास आत घेतला, यंत्र पार्लरवालीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "बरं. मग तू दाब. मी सांगते."

पेपर वाचून झाला. चौथा प्रश्न मोठा होता आणि त्यातच सगळ्यात जास्त गुण होते. भट्टीचं तापमान आणि ओला नमुना वाळायला लागणारी मिनिटं, अशा आठ जोड्या. चाळीस अंशाला बासष्ट मिनिटं, पंचेचाळीसला अठ्ठावन्न, पन्नासला त्रेपन्न, पंचावन्नला पन्नास, साठला चव्वेचाळीस, पासष्टला एकेचाळीस, सत्तरला छत्तीस, पंचाहत्तरला बत्तीस. वायची एक्सवरची समाश्रयण (रिग्रेशन) रेषा काढा, दोन्ही गुणांक लिहा, सहसंबंध गुणांक लिहा, आणि बासष्ट अंशाला किती वेळ लागेल याचा अंदाज द्या. तळटीप होती: कॅल्क्युलेटरची सांख्यिकी सुविधा वापरण्यास हरकत नाही.

हरकत नाही म्हणे! तपासबाई मनातल्या मनात म्हणाली.

"मोड लिहिलेलं बटण शोध आणि दाब. काय दिसतं?"

"तीन ओळी आहेत, ताई. एक, कॉम्प. दोन, स्टॅट. तीन, टेबल. आणि खाली..."

"थांबा," पर्यवेक्षिका म्हणाल्या. "तुम्ही त्यांना पर्याय कसे सांगता? लेखनिकानं उमेदवार सांगेल ते लिहायचं आणि सांगेल ते दाबायचं. स्वतःहून काही सुचवायचं नाही."

तपासबाई आवाजाच्या दिशेनं वळली. तिचा आवाज शांत होता, पण टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

"बाई, डोळस उमेदवार हा पडदा वाचतो की नाही? मग माझ्यासाठी तो कुणीतरी वाचायलाच हवा. प्रश्नपत्रिकाही हिनंच वाचली, तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत."

पर्यवेक्षिका जरा घुटमळल्या. "ठीक आहे. तुम्ही विचारलंत तर पडद्यावर आहे तेवढं त्या वाचतील. विचारल्याशिवाय एक शब्द नाही. आणि हे बरोबर, ते चूक, असं तर अजिबात नाही."

"चालेल," तपासबाई म्हणाली. "दोन दाब. आता वाच."

"एक, वन व्हार. दोन, ए अधिक बी एक्स. तीन, एक रेघ अधिक सी एक्स, त्यावर बारका दोन. चार..."

"पुरे. दोन." आणि तिला बरं वाटलं. ए अधिक बी एक्स. म्हणजे ए हा आंतरछेद आणि बी हा उतार. इतकं तरी जुन्यासारखं होतं. "आता काय आहे?"

"तक्ता आहे. वर एक्स, वाय. बाजूला एक, दोन, तीन. पहिल्या चौकोनात काळी पट्टी."

म्हणजे इथे जोडी एकदम भरायची नाही तर, तपासबाईच्या ध्यानात आलं. स्तंभ भरायचा. "चाळीस दाब, मग बरोबरचं चिन्ह. पट्टी कुठे गेली?"

"खाली. दुसऱ्या ओळीत."

"छान. असेच पुढचे सगळे एक्स भर." बटणांचा मऊ आवाज येत राहिला. पंचाहत्तर झाले. "आता उजवीकडचा बाण. मग वरचा बाण, पहिली ओळ येईपर्यंत."

टक, टक, टक. पार्लरवालीला पडद्याच्या वरच्या टोकाला '१' हा आकडा दिसला आणि ती थांबली. "आली पहिली ओळ."

"मग आता वाय भर. बासष्ट, बरोबर. अठ्ठावन्न, बरोबर..."

पार्लरवालीनं दोन-तीन आकडे भरले आणि क्षणभर तिचा हात थांबला. तिला काहीतरी खटकलं होतं. तिनं तोंड उघडलं. पर्यवेक्षिकांची खुर्ची करकरली. तिनं तोंड मिटलं आणि उरलेले आकडे भरून टाकले.

"एसी दाब. शिफ्ट दाब, मग एक. कोणकोणती नावं दिसतात ती वाच."

"टाइप, डेटा, सम, व्हार, रेग, मिनमॅक्स."

"रेगचा नंबर?"

"पाच."

"दाब. आत ए कितव्या नंबरला?"

"एक. दोनला बी, तीनला आर."

"एक, आणि बरोबर."

"एकतीस पूर्णांक तीन शून्य सहा चार..."

"पुन्हा शिफ्ट, एक, पाच. आता दोन आणि बरोबर."

"शून्य पूर्णांक दोन शून्य चार आठ सात..."

"आधी उण्याचं चिन्ह आहे?"

"नाही."

"नीट बघून सांग."

"नाही, ताई. साधाच आहे."

तपासबाईनं दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले. उतार धन. म्हणजे भट्टी तापवत जावं तसा नमुना वाळायला उशीर लागायचा! गिरणीतली ओली लडी वाळवणाऱ्या पोऱ्यानंसुद्धा तिला वेड्यात काढलं असतं. बासष्टवरून बत्तीसवर उतरत जाणारे आकडे ती आताच ऐकून बसली होती. उतार ऋणच हवा. यंत्र खोटं बोलत नाही, तेव्हा त्याला भलतंच काहीतरी भरवलं गेलं होतं.

पार्लरवालीचा श्वास तिला ऐकू येत होता. हिनं काहीतरी पाहिलंय, तपासबाईला वाटलं. पण "काय पाहिलंस?" असं विचारलं असतं तर पर्यवेक्षिका लगेच मध्ये पडल्या असत्या आणि पोरीला खोलीबाहेर काढलं असतं. नेमकं विचारायला हवं होतं. जुन्या कॅल्क्युलेटरवर नवरा ओरडायचा तो आकडा तिला हवा होता. जोड्या किती, हे या यंत्रालाही माहीत असणारच.

"शिफ्ट, एक. सरासरी आणि तसले आकडे 'व्हार'मध्ये असतील. तो कितवा?"

"चार."

"दाब. वाच."

"एक, एन. दोन, एक्सवर आडवी रेघ..."

"एक. बरोबर."

"नऊ."

"नऊ?"

"हो, ताई. नऊ." पार्लरवालीच्या आवाजात एकदम सुटल्यासारखं काहीतरी होतं.

जोड्या आठ, आणि यंत्र म्हणतं नऊ. एक ओळ जास्तीची आहे. तपासबाईनं डोळे मिटले. दिसत नसलं तरी विचार करताना डोळे मिटायची सवय गेली नव्हती. तक्ता तिनं मनात मांडला. एक्स आठच भरले, ते मोजून ऐकले होते. मग नववी ओळ वायमुळे आली असणार. वाय खाली घसरले. आणि खाली घसरले तर वर जागा रिकामी राहिली असणार.

"शिफ्ट, एक, मग डेटा कितवा आहे तो नंबर. तक्ता आला? काळी पट्टी पहिल्या ओळीवर ने. आकडा एक ज्या ओळीत आहे, त्याच ओळीवर पट्टी हवी. आता ती ओळ वाच. एक्स आणि वाय, दोन्ही."

"एक्स चाळीस. वाय शून्य."

"आणि शेवटची?"

"नववी. एक्स शून्य, वाय बत्तीस."

"बाई," तपासबाई टेबलाजवळ येऊन थांबलेल्या पावलांकडे वळून म्हणाली, "तुम्ही इथे उभ्याच आहात, तर ऐका. मी आता आकडे दुरुस्त करतेय. ही फक्त दाबतेय."

"करा, करा," पर्यवेक्षिका म्हणाल्या. त्या केव्हापासून टेबलाजवळ येऊन उभ्या होत्या, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

तपासबाईनं या वेळी घाई केली नाही. पट्टी वायच्या पहिल्या चौकोनात आणवली. बासष्ट, बरोबर. अठ्ठावन्न, बरोबर. प्रत्येक वेळी, "पट्टी कितव्या ओळीत?" हे विचारून घेतलं. आठव्या ओळीत बत्तीस गेलं. मग पट्टी नवव्या ओळीवर ठेवून डेल लिहिलेलं बटण दाबायला लावलं आणि ती ओळ उडवली. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिनं वरून खालपर्यंत सगळ्या ओळी एक्स-वायसकट वाचून घेतल्या आणि प्रश्नपत्रिकेवरचे आकडेही पुन्हा वाचून घेतले. घड्याळ टिकटिकत होतं. टिकटिकू दे, ती मनात म्हणाली.

"एन?"

"आठ."

"ए?"

"शहाण्णव पूर्णांक पाच पाच नऊ पाच दोन."

"बी?"

"उणे!" पार्लरवाली जवळजवळ ओरडलीच, मग पर्यवेक्षिकांकडे बघत आवाज खाली आणून म्हणाली, "उणे शून्य पूर्णांक आठ सहा एक नऊ शून्य."

"आर?"

"उणे शून्य पूर्णांक नऊ नऊ आठ सात."

तपासबाईनं उत्तर सांगायला घेतलं. वाय बरोबर शहाण्णव पूर्णांक पाच सहा वजा शून्य पूर्णांक आठ सहा दोन एक्स. तापमान एक अंशानं वाढलं की वाळण्याचा वेळ सुमारे शून्य पूर्णांक आठ सहा मिनिटांनी घटतो. संबंध ऋण आणि अत्यंत घनिष्ठ. मग शेवटचा भाग. "एसी. बासष्ट. शिफ्ट, एक, पाच. वायच्या डोक्यावर टोपीसारखी खूण असलेलं काही आहे?"

"आहे. पाचवं."

"दाब, आणि बरोबर."

"त्रेचाळीस पूर्णांक एक दोन एक चार."

तिनं मनातल्या मनात पडताळा घेतला. साठला चव्वेचाळीस, पासष्टला एकेचाळीस. बासष्टला त्रेचाळीस. बसतंय. "लिही. सुमारे त्रेचाळीस पूर्णांक एक मिनिटं."

या सगळ्यात इतका वेळ गेला की सहावा प्रश्न कोराच राहिला. लेखनिकामुळे मिळणारा जादा वेळही पुरला नाही. उत्तरपत्रिका देताना पर्यवेक्षिका म्हणाल्या, "तुमचा कॅल्क्युलेटर मी ठेवू दिला असता, तर..." आणि थांबल्या.

"तर सहावाही झाला असता," तपासबाई म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही, पण गुळमुळीतही म्हटलं नाही. "माझ्यामागून कुणी येईल, त्याच्यासाठी एवढं करा. कुठलं यंत्र मिळणार ते आदल्या दिवशी हातात द्या. आम्ही एका संध्याकाळीत शिकून घेऊ."

रस्त्यावर आल्यावर पार्लरवालीला रडू फुटलं. "ताई, मला दिसत होतं हो ते शून्य. दोन-तीन आकडे भरल्यावर लक्षात आलं, वरती एक घर मोकळं राहिलंय म्हणून. पण त्या बाई म्हणाल्या ना, एक शब्द नाही. बोलले असते तर तुमचा पेपरच रद्द झाला असता."

"बोलली नाहीस तेच बरं केलंस."

"तुमचा सहावा गेला माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही. मी म्हटलं, 'पहिली ओळ येईपर्यंत.' ओळ दिसली. पण पट्टी तिच्यावर आली का, हे मी विचारायला हवं होतं. चल, पाय उचल. मला भूक लागलीये."

त्या सत्राचा निकाल लागला तेव्हा नवऱ्यानं तो ठणठणीत आवाजात वाचला, अगदी बेरजेसकट. तिसऱ्या पेपरात काठावर का होईना, ती सुटली होती. पहिल्या श्रेणीला थोडे गुण कमी पडले, ते तिच्या मनात बरेच दिवस सलत राहिले. लोक अभिनंदन करायला आले की ती म्हणे, "सहावा प्रश्न सोपा होता हो."

अर्ज तिनं स्वतः सांगून लिहवून घेतला आणि केंद्राला पाठवला: लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला यंत्र आधी हाताळायला मिळावं, आणि पडदा वाचून दाखवणं हे मदत नव्हे, हे नियमात स्पष्ट लिहावं. बरेच आठवडे उत्तर आलं नाही. तिनं दुसरा पाठवला. तिसऱ्या पत्राला त्याच पर्यवेक्षिकांचा अभिप्राय जोडून घेतला. त्यासाठी ती नवऱ्याच्या हाताला धरून त्यांच्या घरी गेली होती, आणि त्यांनीही आढेवेढे न घेता दोन ओळी लिहून सही केली. पुढच्या सत्रापासून यंत्र आदल्या दिवशी मिळू लागलं. पडद्याबद्दलचा नियम अजून विचाराधीन आहे.

त्या पुढच्या सत्रात पदविकेचा शेवटचा पेपर आला, तेव्हा पार्लरवालीनं नकार दिला. दुकान बंद करून ती वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, मला येता यायचं नाही. अर्जात लिहून द्यावं लागतं ना, लेखनिकाला विषय येत नाही म्हणून? मी खोटी सही नाही करणार. मला आता बी उणे आला की कळतं, का ते."

तपासबाई खुर्चीत बसून होती. तिनं हात पुढे केला. पार्लरवालीनं तो धरला.

"मग आत ये आणि बस," तपासबाई म्हणाली. "नवा लेखनिक शोधायचाय. तुझ्या ओळखीत कुणी आहे का, ज्याला गणिताचं नाव काढलं तरी घाम फुटतो?"